उकळत्या पाण्याचे तापमान शून्य अंश

थर्मामीटरवर ९८.६ दिसले की घरातली माणसे निर्धास्त होतात. हा आकडा फॅरनहाइटचा. त्याचे सेल्सिअस करायचे तर ३२ वजा करायचे, उरेल त्याला ५ ने गुणायचे आणि ९ ने भागायचे. उत्तर येते ३७. आता विंडोजच्या संगणकावरचा कॅल्क्युलेटर उघडावा, तो `Standard` वर ठेवावा आणि कंस न देता ९८.६ − ३२ × ५ ÷ ९ = अशी बटणे ओळीने दाबावीत. ३७ येते. मग तोच कॅल्क्युलेटर `Scientific` वर न्यावा आणि तीच बटणे त्याच क्रमाने पुन्हा दाबावीत. या वेळी येते ८०.८२.

बिघाड दोन्हींत नाही. शाळेत ‘कंचेभागुबेव’ घोकलेल्या कोणालाही दुसरे उत्तर कुठून आले ते लगेच कळेल: आधी कंस, मग भागाकार-गुणाकार, मग बेरीज-वजाबाकी. त्या नियमाने ३२ × ५ ÷ ९ म्हणजे १७.७८ आधी निघतात आणि ते ९८.६ मधून वजा होतात. `Standard` मात्र या नियमाच्या भानगडीत पडत नाही. पुढचे चिन्ह दाबले की तोवरचा हिशेब उरकून मोकळा. म्हणून कंस नसतानाही त्याने आपल्याला हवे ते उत्तर दिले. पण तो योगायोग आहे. उलटी वाट धरून ३२ + ३७ × ९ ÷ ५ असे दाबले, तर ९८.६ द्यायचे काम `Scientific` करतो आणि `Standard` १२४.२ दाखवतो.

आकडे तेच, चिन्हे तीच, क्रमही तोच. मग वेगळे काय होते? कागदावर एका ओळीत लिहिलेली पदावली खरे तर ओळ नसते. कोणती क्रिया कोणत्या दोन गोष्टींवर होणार, याची एक रचना त्या ओळीत दडलेली असते. संगणकशास्त्रात ती रचना झाडासारखी काढतात आणि तिला एक्सप्रेशन ट्री म्हणतात. झाड अर्थातच उलटे, मूळ वर आणि पाने खाली. पानांवर संख्या बसतात आणि जिथे दोन फांद्या फुटतात त्या प्रत्येक नोडवर एक क्रिया बसते. आपल्या दोन कॅल्क्युलेटरांनी एकाच ओळीची ही दोन झाडे केली होती:

```
       ÷                 −
      / \               / \
     ×   9          98.6   ÷
    / \                   / \
   −   5                 ×   9
  / \                   / \
98.6 32               32   5
```

झाड काढायची सोपी युक्ती म्हणजे शेवटून सुरुवात करायची. सगळ्यात शेवटी कोणती क्रिया होणार, हे विचारायचे. ती मुळाशी. तिच्या डावीकडचा तुकडा डाव्या फांदीला, उजवीकडचा उजव्या फांदीला, आणि प्रत्येक तुकड्याला पुन्हा तोच प्रश्न. डावीकडच्या झाडात शेवटी भागाकार होतो, उजवीकडच्यात वजाबाकी. एवढे ठरले की बाकीचे आपोआप ठरते. गंमत म्हणजे झाडात कंस कुठेच नाहीत. कोणाला कोणाबरोबर जोडायचे हे सांगण्यापुरतेच कंसाचे काम असते. ते फांद्यांनी सांगितले की कंस गळून पडतात.

संगणक शिकणाऱ्यांना हे झाड बहुधा सर्च ट्रीच्या शेजारी भेटते, आणि दोघे भावंडांसारखे दिसतातही. दोन्हींत प्रत्येक नोडला डावे-उजवे असते आणि दोन्हींत फेरी मारायच्या रीती सारख्याच. सर्च ट्रीमध्ये लहान मूल्ये डावीकडे आणि मोठी उजवीकडे ठेवलेली असतात. त्यामुळे आधी डावी फांदी, मग तो नोड, मग उजवी फांदी अशी फेरी मारली की सगळी मूल्ये चढत्या क्रमाने बाहेर येतात. या फेरीला इनऑर्डर म्हणतात. हीच फेरी आपल्या दोन झाडांवर मारून पाहावी. दोन्हींतून ९८.६ − ३२ × ५ ÷ ९ हीच ओळ येते! सर्च ट्रीमध्ये जी फेरी सगळ्यात उपयोगी, ती इथे नेमकी हवी ती माहिती पुसून टाकते.

भावंडांमधला फरक आणखी एका जागी उघडा पडतो. सर्च ट्री एका बाजूला कलंडले की शोध मंदावतो, म्हणून त्याला सावरावे लागते. १९६२ मध्ये अडेल्सन-वेल्स्की आणि लांडिस या दोन सोव्हिएत गणितज्ञांनी दाखवले, की एखादा नोड खाली आणि त्याचे मूल वर असे फिरवून झाड तोलता येते. असे फिरवल्याने इनऑर्डर क्रम बदलत नाही, आणि सर्च ट्रीचा सगळा अर्थ त्या क्रमातच असल्यामुळे कोणाचेच काही बिघडत नाही. आता (१० − ४) − ३ चे झाड घेऊन तसेच फिरवावे. ते होते १० − (४ − ३). इनऑर्डर क्रम तसाच, १०, ४, ३. उत्तर मात्र ३ चे ९ झाले. बेरजेचे झाड असे फिरवले तर चालते, गुणाकाराचेही चालते, वजाबाकी-भागाकाराचे चालत नाही. सहावी-सातवीतली मुले १० − ४ + ३ चे उत्तर ३ काढतात तेव्हा त्यांनी नकळत हेच केलेले असते. ‘कंचेभागुबेव’मध्ये ‘बे’ आधी आणि ‘व’ नंतर येतो, म्हणून ती ४ + ३ आधी उरकतात आणि झाड उजवीकडे कलंडते. खरे म्हणजे बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवर आहेत, आणि त्या डावीकडून उजवीकडे जशा येतील तशा करायच्या असतात. उत्तर ९.

झाड हाती आले की उत्तर कसे काढायचे? इथे तिसरी फेरी लागते, पोस्टऑर्डर. आधी डावी फांदी पूर्ण, मग उजवी फांदी पूर्ण, आणि सगळ्यात शेवटी तो नोड. कारण सरळ आहे. वजाबाकीच्या नोडवर उभे असताना दोन्ही बाजूंची मूल्ये हातात नसतील तर वजा कशातून काय करणार? डावीकडच्या झाडावर ही फेरी मारली की या क्रमाने थांबे येतात:

```
98.6  32  −  5  ×  9  ÷
```

ही ओळ डावीकडून वाचत जायचे. संख्या आली की ती चवडीवर ठेवायची. चिन्ह आले की वरच्या दोन संख्या उचलायच्या, ती क्रिया करायची आणि उत्तर परत चवडीवर ठेवायचे. दुरडीतल्या भाकऱ्यांच्या चवडीत शेवटी ठेवलेली भाकरी आधी उचलली जाते, तसेच हे. संगणकाच्या भाषेत याला स्टॅक म्हणतात. इथे आधी ९८.६ ठेवले, त्यावर ३२. वजा आले, दोन्ही उचलले, ६६.६ ठेवले. मग ५. गुणिले आले, ३३३. मग ९. भागिले आले, ३७. ओळ संपली आणि स्टॅकवर एकच संख्या उरली, तेच उत्तर. शेवटी एकाहून जास्त संख्या उरल्या, किंवा चिन्ह आले पण उचलायला दोन संख्याच नाहीत, तर ओळ चुकीची आहे असे समजावे. ही तपासणी फुकटात मिळते.

उजवीकडच्या झाडाची पोस्टऑर्डर ओळ मात्र वेगळी येते: ९८.६ ३२ ५ × ९ ÷ −. म्हणजे इनऑर्डरने पुसलेला फरक पोस्टऑर्डरने जपला, तोही एकही कंस न वापरता. हे शक्य आहे हे संगणकाच्या आधीच ठाऊक झाले होते. पोलंडचे तर्कशास्त्रज्ञ यान लुकाशेविच यांनी १९२४ च्या सुमारास चिन्ह आधी आणि ज्यांच्यावर क्रिया करायची ते नंतर अशी बिनकंसाची लेखनपद्धती काढली होती. चिन्ह शेवटी ठेवणारी आपली ओळ तिची उलटी, म्हणून तिला ‘रिव्हर्स पोलिश’ म्हणतात. पन्नाशीच्या दशकात जर्मनीत फ्रीडरिश बावर आणि क्लाउस झामेलझोन यांनी, आणि ऑस्ट्रेलियात चार्ल्स हॅम्ब्लिन यांनी, ती स्टॅकवर चालवण्याच्या कल्पना मांडल्या. आपण नेहमी लिहितो त्या ओळीतून ही ओळ बनवायची एक सुटसुटीत रीत एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६१ मध्ये दिली.

प्रोग्रॅममध्ये झाड चालवणे तर त्याहून सोपे. पायथनमध्ये ते एवढ्यात मावते:

```python
def mulya(n):
    if not isinstance(n, tuple):
        return n
    kriya, dava, ujava = n
    a = mulya(dava)
    b = mulya(ujava)
    if kriya == "+": return a + b
    if kriya == "-": return a - b
    if kriya == "*": return a * b
    return a / b

print(mulya(("/", ("*", ("-", 212, 32), 5), 9)))
```

इथे पान आले की संख्या परत मिळते. नोड आला की `mulya` स्वतःलाच आधी डावीकडे आणि मग उजवीकडे पाठवते, आणि दोन्ही उत्तरे आल्यावरच क्रिया करते. वेगळा स्टॅक दिसत नाही, कारण अर्धवट राहिलेल्या कामांची यादी पायथन स्वतः ठेवतो. उत्तर छापले जाते 100.0, म्हणजे पाणी उकळते ते तापमान.

स्वतः स्टॅक ठेवून हेच लिहायला घेतले की नवशिके हमखास एका जागी घसरतात. स्टॅकवरून आधी उचललेली संख्या उजवीकडची असते, डावीकडची नव्हे. हे उलटे झाले की ९८.६ − ३२ ऐवजी ३२ − ९८.६ होते, पुढे भागाकारही उलटा पडतो, आणि तापाचे उत्तर उणे ०.०२७ येते. चूक फसवी आहे, कारण बेरीज आणि गुणाकाराची सगळी उदाहरणे बिनचूक सुटत राहतात. वजाबाकीचे चिन्ह उलटे आणि भागाकार डोक्यावर उभा दिसला, की दुसरीकडे कुठे न शोधता ही जागा तपासावी.

या ओळी माणसांनी बोटांनीही चालवल्या आहेत. ह्यूलेट-पॅकार्डने १९७२ मध्ये एचपी-३५ नावाचा खिशात मावणारा सायंटिफिक कॅल्क्युलेटर ३९५ डॉलरला विकायला काढला. त्यावर कंसाची बटणे नव्हती आणि ‘=’ चे बटणही नव्हते. त्याऐवजी होते एक रुंद `ENTER`. ९८.६ दाबा, `ENTER`, ३२ दाबा, −, ५, ×, ९, ÷. वापरणाऱ्याने मनातल्या मनात झाडाची पोस्टऑर्डर फेरी मारायची आणि यंत्राने फक्त स्टॅक सांभाळायचा, अशी ही वाटणी. विचित्र वाटणारी ही सवय एकदा अंगवळणी पडली की सुटत नाही. त्याच घराण्यातला १९८१ चा एचपी-१२सी वित्तक्षेत्रातल्या लोकांनी कित्येक दशके सोडला नाही, तो काही उगाच नाही.

पण या यंत्राच्या स्टॅकमध्ये जागा होत्या फक्त चार. पाचवी संख्या आली की तळाची गुपचूप निघून जाई. घंटी नाही, सूचना नाही. वर दोन संख्यांची एक झाली की मोकळ्या झालेल्या खालच्या जागेत तळाच्याच संख्येची प्रत येई. १ + (२ + (३ + (४ + ५))) ही साधी बेरीज लिहिली आहे तशीच, म्हणजे १, २, ३, ४, ५ ओळीने भरून मग चार वेळा + दाबून केली, तर काय होते ते पाहण्यासारखे आहे. ५ आले तेव्हा १ गेला. उरले २, ३, ४, ५. पहिल्या + ने ९, दुसऱ्याने १२, तिसऱ्याने १४. चौथ्या + ला खरे तर १ हवा होता, पण तळाच्या २ च्या प्रती वर सरकत आल्या होत्या. त्यामुळे उत्तर १५ ऐवजी १६. एवढेसे चुकलेले उत्तर कोणाच्या लक्षात येणार?

उपाय झाडातच आहे. फेरी डावीकडूनच सुरू करायला हवी असे कोणी सांगितले? दोन फांद्यांपैकी जी जास्त जागा मागते ती आधी उरकावी. आतल्या ४ + ५ पासून सुरुवात केली, मग ३ मिळवले, मग २, मग १, की कधीही दोनपेक्षा जास्त जागा लागत नाहीत. क्रिया वजाबाकी-भागाकाराची असेल तर शेवटी दोन संख्यांची अदलाबदल करावी लागते, आणि एचपी-३५ वर त्यासाठी बटण होते. एखाद्या झाडाला कमीत कमी किती जागा लागतील, हे मोजायची रीतही आहे. पानाला १ द्यायचा. नोडच्या दोन्ही फांद्यांचे आकडे वेगळे असतील तर मोठा आकडा नोडला, सारखे असतील तर त्यात १ मिळवून. सोव्हिएत संगणकशास्त्रज्ञ आंद्रेई एर्शोव्ह यांनी १९५८ मध्ये या विचाराची सुरुवात केली, म्हणून याला एर्शोव्ह आकडा म्हणतात. रवी सेठी आणि जेफ्री उलमन यांनी १९७० मध्ये तो पक्क्या पायावर उभा केला. आकडा ५ व्हायला ४ चा आकडा असलेल्या दोन फांद्या लागतात, त्या प्रत्येकीला ३ च्या दोन, असे करत खाली आले की निदान १६ पाने भरतात. म्हणजे १५ संख्यांपर्यंतची कोणतीही पदावली चार जागांत बसते, फक्त फेरी नीट मारली पाहिजे. प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे कंपायलर मोजक्या रजिस्टरांमध्ये हिशेब बसवताना याच विचाराचा आधार घेतात.

आता शीर्षकातल्या पाण्याकडे. गणिताच्या दृष्टीने ६६.६ ला ५ ने गुणून ९ ने भागणे आणि ६६.६ ला थेट ५ ÷ ९ ने गुणणे, दोन्ही एकच. झाडे मात्र दोन. दुसऱ्या झाडात ५ ÷ ९ ही स्वतंत्र फांदी होते आणि पोस्टऑर्डरच्या नियमाने ती स्वतःपुरती सोडवली जाते. वर तिला कोण गुणणार आहे, याची तिला खबर नसते. सी भाषेत दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच येतो, अपूर्णांकी भाग टाकून दिला जातो. ५ ÷ ९ म्हणजे ०. त्या शून्याने १८० ला गुणले की शून्य. २१२ फॅरनहाइटला खळखळ उकळणारे पाणी शून्य अंश सेल्सिअसवर येते, आणि कंपायलर त्याबद्दल एरवी चकार शब्द काढत नाही.

ब्रायन कर्निगन आणि डेनिस रिची यांच्या सी भाषेवरच्या पुस्तकाच्या १९८८ च्या दुसऱ्या आवृत्तीत अगदी सुरुवातीला हाच फॅरनहाइट-सेल्सिअसचा तक्ता छापणारा प्रोग्रॅम आहे. तिथे आधी गुणून मग भागले आहे, आणि तसे का केले तेही सांगितले आहे. तिथेही अपूर्णांकी भाग जातोच: ९८ फॅरनहाइटचे ३६.६७ व्हायला हवेत, ३६ होतात. पण तोडमोड मुळाशी, म्हणजे सगळ्यात शेवटी, एकदाच होते. म्हणून नुकसान एका अंशाच्या आत राहते. तीच तोडमोड खालच्या फांदीत झाली की वर जाईपर्यंत सगळा हिशेब गिळून टाकते. वरच्या पायथनच्या तुकड्यात शेवटचा `a / b` बदलून `a // b` केला आणि `("*", ("-", 212, 32), ("/", 5, 9))` हे झाड दिले, तर हे शून्य घरबसल्या पाहता येते.

ज्यांना प्रोग्रॅम लिहायचा नाही त्यांच्यासाठी एक्सेल आहे. `B2` मध्ये ताप लिहून दुसऱ्या खान्यात `=(B2-32)*5/9` लिहावे आणि `Formulas` मधले `Evaluate Formula` उघडावे. पुढे जो तुकडा सोडवला जाणार त्याखाली रेघ येते आणि प्रत्येक क्लिकला एक पायरी उलगडते. समोर जी चालते ती आपलीच फेरी. एक्सेलची जुनी `.xls` फाइलसुद्धा सूत्र जसेच्या तसे साठवत नाही, त्याची चिन्हे रिव्हर्स पोलिश क्रमाने लावून ठेवते.

यंत्राने झाड कसे केले याची शंका आली तर हे साधन हाताशी असावे, कारण झाडांबद्दल सगळ्यांचे एकमत नाही. एक्सेलमध्ये `=-2^2` लिहिले तर ४ येते, पायथनमध्ये `-2**2` लिहिले तर −४. एक्सेल उणे चिन्ह २ ला आधी चिकटवतो आणि मग वर्ग करतो, पायथन आधी वर्ग करतो. आणि एक्सेलमध्येच `=0-2^2` लिहिले की −४ येते, कारण तिथे उणे हे चिकटणारे चिन्ह न राहता दोन बाजू असलेली वजाबाकी होते आणि तिची पायरी बदलते. शंका असेल तिथे कंस द्यावा, तो कोणालाच खटकत नाही.

पोस्टऑर्डर जिथे तंतोतंत पाळून चालत नाही अशीही एक जागा आहे, आणि ती रोजच्या वापरातली आहे. `=IF(B2=0,0,A2/B2)` या सूत्रात `IF` हा तीन फांद्यांचा नोड आहे. नियमाप्रमाणे तिन्ही फांद्या आधी सोडवायच्या म्हटले तर `B2` शून्य असतानाही `A2/B2` करावे लागेल, म्हणजे जे टाळायला `IF` लिहिला तेच होईल. म्हणून इथे आधी फक्त पहिली फांदी सोडवतात आणि तिच्या उत्तरावरून उरलेल्या दोनपैकी एकीतच उतरतात. एक्सेल आपल्या रिव्हर्स पोलिश ओळीत यासाठी एक जास्तीची खूण ठेवतो: इथून इतके पुढे उडी मारा.